काकांचं भाषण काकांसारखंच राहू दे

नाशिक

प्रिय बाळा,

पिंपळगावच्या द्राक्षवाल्या काकांची व्हॉइस नोट आणि तिच्यावरून तू त्यांच्यासाठी लिहिलेलं फेल, म्हणजे वेलीची जादा फूट, काढण्यावरचं भाषण, दोन्ही मिळालं. भाषण शुद्ध आहे, पण त्यात काका नाहीत. रेडिओसाठी लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगते.

ते बागेतून, गाडीतून, फोन घेत-घेत बोललेत. तू ऐकता-ऐकताच सुधारत गेलीस, तिथे घोळ झाला. आधी सगळं जसंच्या तसं उतरवायचं, ‘काय होतं ना’सकट. त्यांचे शब्द कागदावर आल्याशिवाय काय गाळायचं ते कळत नाही. ही जागा बघ:

‘काय होतं ना, मजूर मिळत नाही म्हणून आपण फेल काढायला चालढकल करतो, मग ते... थांब, फोन येतोय... हां, औषधाचं. औषध महाग आहे, ते जाऊ दे, आत पोचतच नाही ना ते! वेल कोंदली की हवा कुठून जाणार?’

याचं तू केलंस: ‘दाट पर्णसंभारामुळे हवा खेळती राहत नाही, परिणामी डावणी रोगाचा प्रादुर्भाव वाढतो.’ खरं आहे, पण हे कृषी खात्याचं पत्रक झालं. मी असं केलं असतं:

‘औषध महाग आहे, ते जाऊ दे. आत पोचतच नाही ना ते! वेल कोंदली की हवा कुठून जाणार? आणि काय होतं ना, मजूर मिळत नाही म्हणून आपण फेल काढायला चालढकल करतो.’

फोन गेला, अर्धवट ‘मग ते’ गेलं. ‘आणि’ तेवढं माझं, बाकी सगळे शब्द त्यांचे, फक्त क्रम बदलला. त्यांचा आवाज चढतो तो ‘पोचतच नाही’वर, म्हणून ते वर आणलं. बोलणारा माणूस मुद्द्यावर उशिरा येतो, आणि आला की आवाजातूनच कळतं. ‘काय होतं ना’ नोटमध्ये दर वाक्याला आहे. तेवढं ठेवलंस तर त्यांची नक्कल वाटेल, सगळं काढलंस तर माणूस परका वाटेल. भाषणात दोन-तीनदा पुरे.

त्यांना 3 मिनिटं मिळणार आहेत, म्हणजे फार तर 350 शब्द. त्यामुळे निर्यातीचा किस्सा, कितीही रंगला असला तरी, गाळायलाच लागेल. मला स्वतःला तो फार आवडला, पण त्याचा फेलफुटीशी संबंध नाही.

मग त्यांना फोनवरच वाचायला लाव. जिथे अडखळतील किंवा न सांगता शब्द बदलतील, ते वाक्य तुझं आहे. बदललेला शब्दच लिहून घे. आणि प्रश्न एकच विचार, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा. सध्या त्यांची गोडी छाटणी चालू आहे, लांबलचक मेसेज ते उघडणारही नाहीत. छाटणीनंतर फेल कितव्या दिवशी काढायची, हा आकडा नोटमध्ये दोनदा वेगवेगळा आलाय. त्यातला पहिला आकडा बरोबर ना, तेवढंच विचार, अंदाजाने लिहू नकोस.

तुझी,
आई