पहिल्या उत्तराचे गुण शेवटच्या उत्तराला

मा. संपादक,
स. न.

बोर्डाचे आणि विद्यापीठाचे निकाल लागले की उत्तरपत्रिका तपासण्यातल्या अन्यायाची चर्चा सुरू होते. उपायही ठरलेला असतो: विद्यार्थ्याची ओळख आणखी नीट झाका. ओळख झाकायलाच हवी. पण मुंबईतल्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना आणि इतरांनी तपासलेले गठ्ठे पुन्हा पाहताना मला दिसत आलेला दोष नाव झाकून जात नाही. तो उत्तरपत्रिकेच्या आतच असतो.

मागणीच्या नियमावरचा ८ गुणांचा प्रश्न घ्या. दोन मुलांनी सारखेच उत्तर लिहिले आहे. नियम बरोबर, तक्ता बरोबर, आकृतीत अक्षांना नावे नाहीत आणि अपवाद एकच दिला आहे. पहिल्या मुलाची आधीची उत्तरे नेटकी आहेत. परीक्षकाच्या मनात येते, ‘याला समजलंय, घाईत नावं घालायची राहिली.’ सहा गुण. दुसऱ्याची आधीची उत्तरे विस्कळीत आहेत. तीच उणीव दिसताच वाटते, ‘नुसतं घोकलंय.’ चार गुण. पेपरात असे तीन प्रश्न निघाले की फरक सहा गुणांचा होतो. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळायला किंवा हुकायला तेवढे पुरतात. यात कोणी लबाडी केलेली नसते, म्हणूनच ही चूक पकडता येत नाही.

याला मानसशास्त्रात हॅलो इफेक्ट म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे गुण वेगवेगळे द्यायचे होते. प्रत्यक्षात एकात वर असलेला माणूस बाकी सगळ्यांत वर गेला होता, खरोखरीच्या माणसांत असणार नाही इतका. अधिकाऱ्यांनी चार गोष्टी वेगवेगळ्या तपासल्याच नव्हत्या. एकच मत चार रकान्यांत लिहिले होते.

‘मला ठाऊक आहे, मी काळजी घेतो,’ हे उत्तर मी स्टाफरूममध्ये अनेकदा ऐकले आहे. ते पुरेसे नाही. १९७७ साली निस्बेट आणि विल्सन यांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच प्राध्यापकाच्या दोन वेगळ्या चित्रफिती दाखवल्या, प्रत्येक गटाला एक. एकीत तो आपुलकीने बोलतो, दुसरीत तुसडेपणाने. दुसरी पाहिलेल्यांना त्याचे दिसणे आणि उच्चारही खटकले, आणि हे त्याच्या स्वभावामुळे झाले असे मात्र त्यांना मान्य नव्हते. दोष आपल्यात आहे हे आतून कळतच नाही, म्हणून सावध राहून तो टळत नाही. कामाची रीतच बदलावी लागते.

ती रीत मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी स्वतःच्या वर्गात वापरली होती. एक उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासायची नाही. गठ्ठ्यातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासायचा, गुण नजरेआड लिहायचे, मग सगळ्यांचा दुसरा. असे केल्यावर एकाच विद्यार्थ्याच्या गुणांत चढउतार दिसू लागले आणि त्यांना पूर्वीइतकी खात्री वाटेना. माझ्या मते ती अस्वस्थता हेच रीत लागू पडल्याचे लक्षण आहे. एकाला राष्ट्रीय उत्पन्न पक्के येते आणि मागणीची लवचिकता येत नाही, असे वर्गात रोज दिसतेच. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठ्याचा क्रमही बदलावा, नाहीतर शेवटच्या मुलांच्या वाट्याला नेहमी थकलेला परीक्षक येतो.

नोकरीच्या मुलाखतीत तर नाव झाकायचीही सोय नाही. अंधेरीच्या एखाद्या कार्यालयात आत येताच सफाईदार इंग्रजीत बोलणारा मुलगा पहिल्या दोन मिनिटांत ‘स्मार्ट’ ठरतो आणि पुढचे प्रश्न त्याला सोपे जातील असेच विचारले जातात. लालबागची मराठी माध्यमातली मुलगी हिशेबात त्याच्यापेक्षा पक्की असली, तरी तिचे अडखळणे हिशेबाच्या रकान्यातही उतरते. कानेमन यांनी १९५०च्या दशकात इस्रायली लष्करासाठी याला तोड काढली होती: सहा गुणवैशिष्ट्ये ठरवायची, एकेकाचे ठरावीक प्रश्न विचारायचे आणि पुढच्याकडे जाण्याआधी त्याचे गुण लिहून टाकायचे. तीन जणांचे पॅनेल असेल तर तिघांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपापले आकडे लिहावेत, एवढी भर मी घालीन.

या रीतीने सगळे सुधारत नाही. कडक परीक्षक कडकच राहतो आणि सुंदर अक्षराची भुरळ प्रत्येक उत्तरात नव्याने पडते. वेळही जास्त लागतो, कारण प्रत्येक उत्तरपत्रिका पुन्हा पुन्हा उघडावी लागते. पण जिथे उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात तिथे ही अडचणही उरत नाही. परीक्षकासमोर एकेका विद्यार्थ्याऐवजी एकेक प्रश्न ठेवता येतो. विद्यापीठाने आणि बोर्डाने येत्या परीक्षेत निदान एका विषयासाठी हे करावे आणि दोन्ही रीतींनी तपासलेल्या त्याच उत्तरपत्रिकांचे गुण शेजारी शेजारी जाहीर करावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई