कानाच्या दुखण्याचे मूळ जबड्यात दाखवणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे आलो, तेव्हा माझा उजवा कान चार महिने ठणकत होता आणि घाट उतरताना बसतो तसा दडा त्यात कायमचा बसला होता. कानात घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या संपल्या होत्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानाचा पडदा पाहिला, त्यामागचा हवेचा दाब मोजला, ऐकण्याची चाचणी घेतली; सगळे ठीक निघाले. मी पूर्वी तंबाखू खात असे, हे कळल्यावर त्यांनी दुर्बिणीने घसा आणि जिभेचे मूळही तपासले, कारण तिथल्या गाठीचे दुखणे कानात जाणवू शकते. तेही स्वच्छ निघाले, म्हणून त्यांनी मला तुमच्याकडे पाठवले. कानासाठी दातांच्या डॉक्टरांकडे जायचे, ही मला तेव्हा निव्वळ टोलवाटोलवी वाटली होती.

तुम्ही दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवून मला तोंड उघडायला लावले. उजवीकडे 'कट' असा आवाज आला. हनुवटी आधी उजवीकडे झुकली आणि मग सरळ झाली. त्यानंतर गालाचा चावण्याचा स्नायू तुम्ही काही क्षण दाबून धरलात, आणि दाब गालावर असताना कळ मात्र कानात उठली. "हेच का तुमचे रोजचे दुखणे?" असे तुम्ही विचारलेत. तेच होते.

जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून असतो आणि या सांध्याला व नळीच्या पुढच्या भागाला संवेदना पुरवणारी मज्जातंतू एकच असते, त्यामुळे सांध्याची तक्रार मेंदूला कानाची वाटते, हे तुम्ही कागदावर आकृती काढून समजावलेत. दड्याचे कारण मात्र इतके पक्के सांगता येत नाही, हेही मोकळेपणाने सांगितलेत. सकाळी दुखणे जास्त का, या प्रश्नाचे उत्तर माझ्या पत्नीने दिले: मी झोपेत दात खातो. (तोवर घरात जंतांच्या औषधाचीच चर्चा होती.)

तेव्हा माझे तोंड 31 मिलिमीटरच उघडत होते. सुपारी आणि फुटाणे बंद, भाकरी दुधात कुस्करून, दिवसातून दोनदा गरम शेक, जांभई देताना हनुवटीखाली मूठ, आणि एरवी ओठ मिटलेले पण दात एकमेकांपासून सुटे, एवढेच तुम्ही सांगितलेत. यातले शेवटचे सर्वांत अवघड गेले, कारण उत्तरपत्रिका तपासताना मी दात आवळून बसतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. रात्री दातांवर बसवायला मापाची कडक पट्टी दिलीत. दात झिजवून चाव, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलण्याचा आग्रह मी धरला, तेव्हा झिजवलेला दात परत येत नाही, म्हणून तुम्ही ठाम नकार दिलात. त्या नकाराबद्दल मी विशेष ऋणी आहे.

सहाव्या आठवड्यात ठणका थांबला, दडा त्यानंतर महिनाभराने सुटला, आणि आता तोंड 40 मिलिमीटर उघडते. 'कट' आवाज अजून येतो. दुखत नाही तोवर त्याच्या मागे लागू नका, असे तुम्ही सांगितले आहे, त्याप्रमाणे मी त्याला येऊ देतो.

आपला कृतज्ञ,
एक शिक्षक