पोत्याच्या फोटोतले दाणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोटो मोठा करून नीट पाहिला. धान्याच्या दुकानात सांडलेला, फुटलेल्या पिशव्यांतला सगळा माल एकाच पोत्यात गोळा झाला आहे आणि त्यात काय काय आहे ते तुला हवं आहे. बहुतेक दाणे ओळखू आले. एका ठिकाणी मात्र मला शंका आहे आणि ती अंदाजावर सोडण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तू रंगावरून यादी केली आहेस. रंग सगळ्यात शेवटी बघ. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत केशरी मसूर डाळ आणि पिवळी मूग डाळ एकमेकींच्या फार जवळ येतात, आणि जुना मूग हिरवा न राहता मातकट होतो. आधी फक्त एवढंच शोध, की सपाट तोंड असलेले अर्धे दाणे कुठे आहेत. कडधान्याचा दाणा दोन दलांचा असतो, साल काढून भरडला की मधोमध उकलतो आणि प्रत्येक अर्ध्याला एक गुळगुळीत सपाट बाजू येते. ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरी या धान्यांचे दाणे असे उकलतच नाहीत. फुटले तर वेडेवाकडे फुटतात आणि आतला पिठूळ भाग दिसतो. त्यामुळे सपाट तोंड दिसलं की ती डाळ, यात शंका धरू नकोस.

आता अख्खे दाणे. इथे एकेका दाण्याकडे बघत बसलास तर फसशील, कारण वरून पाहिलं की मसूरही गोल आणि वाटाणाही गोल. पण पोत्यात एकाच जातीचे शेकडो दाणे वेगवेगळ्या कुशीवर पडलेले असतात आणि फोटोतली हीच मोठी सोय आहे. वाटाणा कसाही पडला तरी गोलच दिसतो. मसूर दोन्ही बाजूंनी फुगीर पण चपटा, म्हणून काही दाणे पूर्ण गोल दिसतात आणि शेजारचे, कडेवर उभे राहिलेले, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले दिसतात. तुझ्या फोटोच्या डाव्या बाजूला तपकिरी गोल दाणे आहेत, त्यांच्यातच असे कडेवरचे निमुळते दाणे आहेत. तो अख्खा मसूर. तू त्याला दोन वेगळ्या जाती समजून दोनदा मोजलंस. मूग आणि मटकी लांबट, नळीसारख्या, म्हणून त्यांचे बहुतेक दाणे आडवे लांबट आणि क्वचित एखादा टोकाकडून दिसणारा, लहान गोल. कुळीथ चपटा, थोडा वाकलेला. हरभऱ्याला तर चोच असते, तो कुठल्याही कुशीवर लपत नाही.

आता शंकेची जागा. फोटोच्या मध्यभागी पिवळ्या डाळीचा ढीग आहे आणि तू त्याला सरसकट तूर म्हटलं आहेस. त्यात हरभऱ्याची डाळ आहे, ती मोठी आणि जाड, टोकाशी चोचीची खूण राहिलेली. तुरीची डाळ तिच्यापेक्षा लहान, कडा गोलसर. मुगाची डाळ आणखी लहान, लांबट, रंगाने फिकी. पण यांच्या अधूनमधून काही दलं कोपरेदार दिसतात. एका बाजूला उतार आहे आणि एकूण आकार चौकोनाकडे झुकलेला. असं दल लाख या कडधान्याचं असू शकतं. लाखेचा अख्खा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पाचरी असतो, त्यामुळे डाळ केली तरी तो कोपरा जात नाही, आणि रंगाने ती तूर-हरभऱ्यात बेमालूम मिसळते.

तुटलेली हरभरा डाळही कोपरेदार दिसते, म्हणून फोटोवरून लगेच ठरवू नकोस. तुटलेल्या दलाचा एक कोपरा खरखरीत असतो, तिथे दल ताजं तुटल्याचं दिसतं. लाखेच्या दलाच्या कडा मात्र सगळीकडे सारख्या गुळगुळीत असतात, कारण तो आकार जन्मजात आहे. तुझ्या फोटोत हा फरक दिसण्याइतका जवळून तपशील नाही. लाखेत ओडॅप नावाचं विषारी द्रव्य असतं. महिनोन्महिने तिच्यावरच मुख्य आहार राहिला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. चुकून पोटात गेलेल्या चार दाण्यांनी असं होत नाही, तरीपण पोत्यात तिचं प्रमाण किती हे माहीत असल्याशिवाय ही डाळ कुणाला देऊ नकोस.

प्रमाणाबद्दल आणखी एक. फोटोवरून तू 'भरडधान्य अगदी थोडं' असं लिहिलंस, ते मला पटत नाही. पोतं उचललं, हलवलं, आपटलं की बारीक दाणे मोठ्या दाण्यांच्या फटींतून खाली घसरत जातात आणि मोठे वर राहतात. तू फोटो वरूनच काढलास. पोत्याच्या दुमडीत साचलेले ते बारीक दाणे बघ, बाकीचे तळाला असणार. पोतं पूर्ण ओतून, खालपासून चाळवून, मगच मूठभर घे.

दुमडीतल्या दाण्यांपैकी ज्वारी स्पष्ट आहे: पांढरट, गोलसर, जिथे कणसाला चिकटलेली असते तिथे काळा ठिपका. एका टोकाला निमुळते, राखाडी आहेत ती बाजरी. विटकरी बारीक गोल दाणे मात्र नाचणी की मोहरी हे फोटोवरून ठरणार नाही, दोन्ही जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या. कागदावर ठेवून चमच्याने चिरड. मोहरी तेलाचा डाग सोडते, नाचणीचं पीठ होतं. साल काढलेला राळा आणि वरी यांचाही फोटोवरून निकाल लागत नाही. राळा पिवळसर आणि वरी पांढरी हे खरं, पण कमीजास्त पॉलिशने तो फरक पुसला जातो. टरफलासकट दाणे सापडले तर तेच पाठव.

काळ्या दाण्यांचं तुझं उत्तर 'उडीद' बहुधा बरोबर आहे, तरी खात्री कर, कारण काळपट मूगही असतो आणि हिरवा उडीदही. दाण्याच्या कडेला पांढरा डोळा असतो, म्हणजे शेंगेला तो जिथे चिकटलेला होता ती खूण. उडदात तिची किनार उठून येते आणि मध्ये खळगा दिसतो. मुगात ती दाण्याच्या पृष्ठाशी सपाट असते.

नवीन फोटो काढताना फ्लॅश बंद ठेव. फ्लॅशने सावल्या जातात आणि मसूर-वाटाणा सारखेच सपाट दिसतात. दिवसा, खिडकीजवळ, प्रकाश एका बाजूने तिरपा येईल असं बस. पांढऱ्या कागदावर मूठभर दाणे एकाच थरात पसर, शेजारी मोजपट्टी ठेव, आणि मोबाईल बरोबर वरून धर. कोपरेदार पिवळी दलं वेगळी काढून त्यांचा एक स्वतंत्र फोटो घे: निम्मी सपाट बाजू वर करून, निम्मी पालथी. शेजारी त्याच ढिगातली तुरीची आणि हरभऱ्याची चार-चार दलं ठेव. तो फोटो आला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तोच बघतो.

तुझा,
माधव