वरच्या मजल्यावरच्या वहिनींना, दोन वाढदिवस एका संध्याकाळी निभावून दिल्याबद्दल

वहिनी, तुमच्यासमोर नीट बोलताच आलं नाही, तुम्ही लगेच "अगं चहा टाक" म्हणून विषय बदलला, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, रागवू नका.

आमची थोरली १३ ची झाली आणि बारका ५ चा. वाढदिवसात १२ दिवसांचं अंतर, त्यामुळं पाहुण्यांना एकदाच बोलवायचं हे ठरलेलं असतंय. थोरलीला फुटबॉल सोडून काही सुचत नाही, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरी जेवायचं भान नसतंय, आणि बारक्याला जेसीबी. रस्त्यात जेसीबी दिसला की गाडी थांबवायलाच लागती. गेल्या वर्षी मी हॉल घेऊन दोघांची नावं घातलेला एकच केक आणला होता, बारक्यानं ताईच्या आधी सगळ्या मेणबत्त्या फुंकल्या, ती काही बोलली नाही पण नंतर तासभर आतल्या खोलीत बसून राहिली. ते डोक्यातून जात नव्हतं.

यंदा मी दोघांना चालेल अशी एक थीम शोधत बसले होते आणि तुम्ही म्हणालात, थीम जोडू नको, वेळ जोड. बालवाडीत इतकी वर्षं काढलेल्या माणसालाच हे सुचणार. ५ वर्षांची पोरं दीड तासात दमतात, मग रडारड सुरू होती, आणि १३ च्या पोरी तर सहाच्या आधी रंगातच येत नाहीत. म्हणून बारक्याचे दोस्त ४:३० ला, थोरलीच्या मैत्रिणी ६ ला, मधली ६ ते ६:३० सगळ्यांची. निमंत्रणाच्या मेसेजमध्ये संपायची वेळ लिहायला तुम्ही लावलीत, मला ते उद्धट वाटत होतं खरं तर, पण ६:३० ला आया बरोबर न्यायला आल्या, कुणाला काही वाटलं नाही.

आणि तुम्ही दोघांना वेगवेगळं बसवून विचारलंत ना, काय पाहिजे आणि काय नको, ते मी आई असून कधी केलं नव्हतं. थोरली म्हणाली मला बारक्यांना सांभाळायला लावू नका. बारका म्हणाला जेसीबी पाहिजे आणि ताई पाहिजे. आता हे दोन्ही कसं जमवायचं? तुम्ही तिला सांगितलंत, फक्त १० मिनिटं पंच हो, शिट्टी तुझी, बाकी पोरं माझ्याकडं.

गच्चीवरचा तो खेळ मी विसरणार नाही. दोन मोठ्या पराती भरून चुरमुरे, शेजारी रिकामी पातेली, आणि खेळण्यातले जेसीबी घेऊन ८ पोरं दोन टोळ्या करून चुरमुरे उपसतायत. कुणी बाद व्हायचं नाही, हा तुमचा नियम, कारण या वयात बाद झालेलं पोरगं बाजूला बसून टाळ्या वाजवत नाही, ते आईला शोधत रडतं. गेल्या वर्षी संगीत खुर्चीत तेच झालं होतं. फुगे पण तुम्ही खाली ठेवू दिले नाहीत, वर बांधले आणि फुटला की तुकडे लगेच उचलले, बारकी पोरं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात म्हणून.

एक किलोच्या एका केकऐवजी अर्ध्या किलोचे दोन घेतले, पैसे थोडेच जास्त गेले. औक्षण आधी बारक्याचं, त्याचे पाहुणे लवकर जाणार म्हणून, मग थोरलीचं, तिच्या मेणबत्त्या तिनंच फुंकल्या. भेटवस्तू दोन वेगळ्या टोपल्यांत, पाहुणे जाईपर्यंत उघडायच्या नाहीत. खाणं पण तसंच, बारक्यांना इडली आणि केळी, आणि पोरींना मिसळ, कट वेगळा, ज्याला जेवढं तिखट झेपेल तेवढं. त्या ९ पर्यंत गच्चीवर पेनल्टी मारत होत्या, खालच्या काकांनी एकदा आवाज दिला तेव्हा तुम्हीच जाऊन मिसळ देऊन आलात.

ज्या त्या दिवशी घरी वेगळं ओवाळायचं आणि जेवण त्याच्या आवडीचं, हे पण तुमचंच, नाहीतर सोबतच्या वाढदिवसात आपला दिवसच गेला असं पोरांना वाटतं. ते दोन्ही दिवस पाळले बघा, बारक्याला शिरा आणि थोरलीला पांढरा रस्सा.

वहिनी, ती १० मिनिटांची पंच २५ मिनिटं थांबली. मैत्रिणी जिन्यात येऊन हाका मारत होत्या तरी "एक मिनिट, यांचा स्कोअर बरोबरीत आहे" म्हणत उकिडवी बसून पातेल्यातले चुरमुरे बघत होती, आणि बारका तिच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. तो फोटो तुम्ही काढलात म्हणून माझ्याकडं आहे. परात अजून माझ्याकडंच आहे, उद्या घेऊन वर येते.