अनारशाचं पीठ संपलं, पुढची खेप बुधवारी

पहिल्या खेपेचं पीठ संपलं. दुसऱ्या खेपेचे तांदूळ सोमवारी भिजत घातलेत. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, गुरुवारी उपसून सावलीत पंचावर पसरायचे आणि हाताला जरा दमट लागतात तोवर दळायचे. मग गूळ मिसळून पीठ पाच-सहा दिवस मुरतं. म्हणून वाटप पुढच्या बुधवारी संध्याकाळी. "दोन दिवस आधी द्या ना" म्हणू नका. न मुरलेल्या पिठाला जाळी नीट पडत नाही.

ज्यांना हवंय त्यांनी इथेच नाव आणि वजन लिहा. घरटी अर्धा किलो, यादी नावांच्या क्रमानं, आगाऊ पैसे नकोत. गुरुवार रात्रीपर्यंत न नेलेलं पीठ यादीतल्या पुढच्या घराला.

पहिल्या खेपेवाल्यांसाठी: आधी एकच अनारसा तळून बघा. तुपात पसरून विरघळला, म्हणजे हसला, तर गूळ किंवा ओल जास्त आहे; चमचाभर तांदळाची पिठी मळून परत एक तळा. खसखशीची बाजू वर ठेवा, उलटू नका, झाऱ्यानं तूप उडवा. पीठ कोरडं वाटलं तर थेंबभर दूध, तेही तळायच्या वेळीच. आधी घातलंत तर पीठ टिकणार नाही.