लाइक किती ते कळलं, तपासणीला किती गेल्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्तनांच्या कर्करोगाविषयीच्या एका संस्थेच्या मोहिमेवरचा लेख वाचला. त्यांची माहितीचित्रं किती लाख लोकांनी पाहिली आणि किती जणांनी पुढे पाठवली, हे त्यात ठळकपणे आलं आहे. ती पाहून किती जणी डॉक्टरांकडे गेल्या, याचा मात्र उल्लेखही नाही. अशा मोहिमांचं मूल्यमापन करण्याचं काम मी काही वर्षं केलं असल्यामुळे राहवलं नाही.

चित्रांनी काही होत नाही, असं माझं म्हणणं नाही. कॉरिन एल्सवर्थ-बोमाँट यांनी तयार केलेलं ‘नो युअर लेमन्स’ हे चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. अंड्यांच्या खोक्यात बारा लिंबं मांडली आहेत. एकाला खळगा पडलाय, एकाची साल संत्र्यासारखी झालीय, एकावर शीर फुगलीय, एकाचं टोक आत ओढलं गेलंय. स्तन न दाखवता स्तनांची बारा लक्षणं दाखवल्यामुळे ते पुढे पाठवताना कुणाला संकोच वाटत नाही. जानेवारी २०१७ मध्ये एका रुग्ण बाईंनी ते फेसबुकवर टाकलं आणि ते जगभर फिरलं. त्यांनी लिहिलं होतं की, अशाच चित्रात पाहिलेला खळगा डिसेंबर २०१५ मध्ये त्यांना स्वतःच्या अंगावर दिसला. हाताला गाठ लागत नव्हती, तरी चित्र आठवलं, आणि पाच दिवसांत निदान झालं. (पुढच्याच महिन्यात आजार चौथ्या टप्प्यात असल्याचं कळलं, हेही त्यांनी लपवलं नाही.) त्यांचा राग होता तो ‘जागृती’साठी फेसबुकच्या भिंतीवर नुसता बदामाचा आकार टाकण्याच्या खेळावर. लाइकच्या हिशेबात तो बदाम आणि ती लिंबं यांचं वजन सारखंच भरतं!

मग मोजायचं काय? पहिली पायरी म्हणजे लक्षात काय राहिलं ते पाहणं. इथेच बहुतेक संस्था स्वतःची फसवणूक करून घेतात. लक्षणांची यादी पुढे ठेवून ‘यातली कोणती माहीत आहेत?’ विचारलं की लोक सगळ्यांवर खुणा करतात. आधी यादी न दाखवता विचारावं. नंतर यादी द्यायचीच असेल, तर तिच्यात ‘नखांचा रंग बदलणे’ असं एक चुकीचं लक्षण मिसळावं. त्यावरही भराभर खुणा झाल्या, तर उरलेल्या उत्तरांवर किती विसंबायचं ते समजतं. आणि हेच प्रश्न चित्र प्रसिद्ध होण्याआधीही विचारलेले हवेत, नाहीतर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

पण आठवणं वेगळं आणि दवाखान्यात जाणं वेगळं. ‘तुम्ही तपासणी केलीत का?’ या प्रश्नाला लोक बरं दिसणारं उत्तर देतात. म्हणून नोंद दवाखान्याच्या बाजूने हवी. केसपेपर काढताना दोनच गोष्टी विचाराव्यात: कशामुळे आलात, आणि त्रास पहिल्यांदा कधी जाणवला? दुसऱ्या उत्तरावरून लक्षण दिसल्यापासून डॉक्टर गाठेपर्यंतचा काळ कमी होतोय का ते कळतं, आणि माझ्या मते मोहिमेचा खरा आकडा तोच.

नुसती गर्दी वाढली म्हणूनही हुरळून जाऊ नये. समजा, चित्र पोचलेल्या भागातल्या दवाखान्यांत महिन्याला ४० जणी यायच्या, त्या ६० झाल्या. अहवालात वीसची वाढ लिहिली जाईल. पण तेवढ्याच जणी येणाऱ्या, चित्र न पोचलेल्या दुसऱ्या भागातही ४० च्या ५५ झाल्या असतील, तर चित्राच्या वाट्याला पाचच येतात. बाकीची वाढ ऑक्टोबर या स्तनांच्या कर्करोगाच्या जागृती महिन्यातल्या इतर गाजावाजाची असू शकते. फिरत्या चित्राला कुंपण घालता येत नाही, हे खरं. मात्र छापील प्रती आणि स्थानिक गटांतला प्रसार एका भागात आधी आणि दुसऱ्या भागात दोन महिन्यांनी सुरू करता येतो. तेवढ्यानेही तुलनेला आधार मिळतो.

आलेल्यांचं वयही नोंदवावं. या आजाराचा धोका वयानुसार वाढतो, आणि चित्रं पुढे पाठवण्यात तरुण मुली पुढे असतील, तर दवाखान्यात गर्दी कमी धोक्याच्या वयाची होईल आणि साठीतली बाई घरीच राहील.

इंग्लंडमध्ये २०१२ साली तीन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर डॉक्टरांकडे जा, अशी मोहीम झाली. ती चित्रांपेक्षा बरीच मोठी आणि खर्चिक होती, पण तिचा हिशेब बघण्यासारखा आहे. आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ७०० रुग्ण जास्त सापडले आणि सुमारे ३०० जास्त जणांवर शस्त्रक्रिया होऊ शकली, असे आकडे पुढे आले. छोट्या संस्थेला एवढं जमणार नाही. दोन-चार दवाखान्यांतल्या केसपेपरवरचे दोन प्रश्न जमण्यासारखे आहेत.

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी अशा संस्थेला किती जणांनी पाहिलं हे जरूर विचारावं, आणि त्याच्या शेजारी किती जणी आल्या, कोणत्या वयाच्या आणि लक्षण दिसल्यावर किती दिवसांनी, हेही छापावं. उत्तर ‘मोजलं नाही’ असं आलं, तर तेही छापावं.

आपली,
एक नियमित वाचक