व्याजावरच्या 'कपाती'ची मर्यादा दुप्पट केलीत, 'वजावट' मात्र 2018 च्याच आकड्यावर थांबली

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया,
स. न. वि. वि.

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजावरील करकपातीची मर्यादा 50,000 वरून 1 लाख रुपये झाली. इथे सोलापुरात रेल्वेतून, बँकेतून, शाळा-कॉलेजांतून निवृत्त झालेल्या शेकडो घरांत त्याचा एकच अर्थ घेतला गेला: लाखापर्यंतचे व्याज आता करमुक्त. आता विवरणपत्र भरताना कर निघतो आहे आणि माणसे विचारत आहेत, "बँकेने तर काहीच कापलं नव्हतं, मग हे कुठून आलं?"

करकपात आणि करवजावट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपात म्हणजे बँकेने व्याज देतानाच 10 टक्के बाजूला काढून सरकारकडे भरणे, म्हणजेच टीडीएस. वजावट म्हणजे व्याजाची काही रक्कम उत्पन्नातूनच वगळणे. लाखाची मर्यादा फक्त कपातीची आहे, तीही प्रत्येक बँकेसाठी स्वतंत्र. वजावट 80टीटीबी कलमाखाली 2018-19 पासून 50,000 होती, आजही तेवढीच आहे. साठीच्या आतल्यांची स्थिती याहून वाईट. त्यांना 80टीटीएखाली 2012-13 पासून फक्त 10,000, आणि तेही केवळ बचत खात्याच्या व्याजावर. मुदत ठेवीच्या व्याजाला त्यांना एक रुपयाचीही वजावट नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण नव्या करपद्धतीत या दोन्ही वजावटी मिळतच नाहीत, आणि 2023-24 पासून आपोआप लागू होते ती नवीच पद्धत.

याचा परिणाम 2025-26 च्या एका हिशोबात पाहा. रेल्वेतून निवृत्त झालेले 67 वर्षांचे अधिकारी, पेन्शन महिना 98,000, वर्षाचे 11,76,000. प्रमाणित वजावट 75,000 गेली की उरतात 11,01,000. एका बँकेतल्या मुदत ठेवीचे व्याज 66,000, दुसरीतल्या ठेवीचे 42,000, बचत खात्याचे 12,000, एकूण 1,20,000. दोन्ही बँकांत ठेवीचे व्याज लाखाच्या आत, म्हणून टीडीएस शून्य. एकूण उत्पन्न मात्र 12,21,000. बारा लाखांपर्यंत कलम 87ए च्या सवलतीने कर शून्य होतो. इथे मर्यादा 21,000 ने ओलांडली. सीमांत सवलतीमुळे कर या जादा रकमेइतकाच, म्हणजे 21,000, अधिक 4 टक्के उपकर: 21,840 रुपये. नव्या पद्धतीत 50,000 ची वजावट असती तर उत्पन्न 11,71,000 झाले असते आणि कर शून्य.

"मग जुनी पद्धत घ्या" असे उत्तर येईल. तोही हिशोब करून पाहिला. प्रमाणित वजावट 50,000, व्याजाची 50,000, 80सीचे पूर्ण दीड लाख आणि आरोग्य विम्याचे 50,000 धरले तरी करपात्र उत्पन्न 9,96,000 आणि उपकरासह कर 1,13,568. म्हणजे वजावट जिथे मिळते तिथे जायला 90 हजारांहून जास्त मोजावे लागतात. अशी वजावट कायद्यात ठेवून काय उपयोग?

ज्यांचे सगळे उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे त्यांना कर नाही, हे मान्य आहे. पण त्यांच्याही एका बँकेत व्याज लाखावर गेले आणि वर्षाच्या सुरुवातीला टीडीएस कापू नका असा अर्ज बँकेला द्यायचा राहिला, की टीडीएस कापला जातो आणि स्वतःचेच पैसे परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते. त्यात पाच वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या ठेवींचे व्याज बँक दरवर्षी नावावर दाखवते. हातात पैसा नसतो, वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, उत्पन्न मात्र दिसते. ते सोडून विवरणपत्र भरले की तफावतीचा संदेश ठरलेला. सत्तरीतल्या माणसाने हे कुठून ओळखायचे?

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सोपी केल्याचे सांगितले गेले. 10,000 आणि 50,000 हे आकडे कुणी हलवले नाहीत. आठ वर्षांत औषधाची बिले कुठे गेली हे नियम लिहिणाऱ्यांच्या घरातही माहीत असणार. ज्यांना ना महागाई भत्ता ना निवृत्तीवेतन, त्या इथल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या म्हातारपणाचा आधारही ठेवींवरचे व्याजच आहे. या व्यवस्थेत बचत करणारा सरळमार्गी माणूस कायम शेवटी उभा असतो, याची चीड येते.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. ज्येष्ठांची व्याजाची वजावट 1 लाख करा आणि ती नव्या पद्धतीतही द्या. साठीच्या आतल्यांच्या वजावटीत मुदत ठेवीचे व्याज धरा. आणि बँकेच्या व्याज प्रमाणपत्रावर ठळक मराठीत छापायला लावा: "टीडीएस कापलेला नाही, तरी हे व्याज उत्पन्नात दाखवणे बंधनकारक आहे."

आपला,
एक ज्येष्ठ करदाता, सोलापूर